खरेदीचा पर्याय गहाणखतात असला तर बाद, नंतर दिला तर चालतो. असं का?

प्रश्न: कर्ज देणाऱ्याला गहाण मालमत्ता विकत घेण्याचा पर्याय गहाणखतातच दिला तर तो क्लॉग, म्हणजे गहाण सोडवण्याच्या हक्काला घातलेला अडथळा, म्हणून बाद ठरतो, पण वेगळ्या करारात नंतर दिला तर टिकतो. नंतर म्हणजे नेमका किती दिवसांनी? आणि आपल्याकडे हे लागू होतं का?

उत्तर: दिवस मोजायला गेलात की चुकलात. मीही विद्यार्थी असताना तारखाच पाठ करत बसलो होतो.

सुरुवात सॅम्युएल विरुद्ध जॅरा टिंबर या 1904 च्या खटल्यापासून करा. कंपनीने 5,000 पौंड कर्ज घेतलं आणि 30,000 पौंड दर्शनी किमतीचा डिबेंचर स्टॉक, म्हणजे स्वतःचे कर्जरोखे, तारण दिला. त्याच व्यवहारात सावकाराला पर्याय मिळाला : बारा महिन्यांत केव्हाही हा स्टॉक शेकडा 40 च्या भावाने घ्यावा. कंपनी कर्ज फेडायला निघण्याआधीच सावकाराने पर्याय वापरला. हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे इंग्लंडच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, तो बाद ठरवला. गंमत अशी, की सौदा लबाडीचा होता असं न्यायाधीशांनाही वाटत नव्हतं. नियम मोडता येत नाही म्हणून त्यांनी नाइलाजाने तसा निकाल दिला.

कारण साधं आहे. गहाण म्हणजे पैसे परत केले की वस्तू परत. सावकाराच्या हातात खरेदीचा पर्याय असेल, तर वस्तू परत मिळणार की नाही हे गहाण ठेवणारा नव्हे, सावकार ठरवतो. गहाण सोडवण्याचा हक्क कागदावर राहतो, पण तो केव्हा संपवायचा हे दुसऱ्याच्या मर्जीवर. आणि पैशाची निकड असलेला माणूस कर्ज हातात पडेपर्यंत समोर येईल त्या कलमावर सही करतो.

दोनच वर्षं आधी, रीव्ह विरुद्ध लाइल या 1902 च्या खटल्यात, कर्ज देऊन झाल्यावर काही दिवसांनी स्वतंत्र करार झाला होता आणि तो टिकला. तिथे कर्ज आधीच हातात होतं; नाही म्हटलं असतं तरी काही बिघडत नव्हतं. म्हणजे खरा मुद्दा काळाचा नाही, त्या निकडीचा आहे.

याचा पुरावा जोन्स विरुद्ध मॉर्गन, 2001. गहाण 1994 चं, नवा करार 1997 चा, मधे तीन वर्षं. तरीही त्यातला सावकाराला अर्धा हिस्सा देणारा भाग बाद ठरला, कारण तो करार जुन्या गहाणातच फेरफार करणारा होता. त्याच खटल्यात न्यायाधीश लॉर्ड फिलिप्स म्हणाले, की हा सिद्धांत कायद्याचं अपेंडिक्स झालाय, कापून टाकलेला बरा. मला हे पटत नाही, पण ते असो.

एक उदाहरण घ्या. दुकान गहाण ठेवून तुम्ही 20 लाख घेतले. सहा महिन्यांनी हप्ते थकले, तेव्हा सावकार म्हणाला, 'मुदत वाढवतो, पण 30 लाखांत दुकान घेण्याचा पर्याय लिहून दे.' कागद वेगळा, तारीख वेगळी, पण निकड तीच. इथे क्लॉगचा मुद्दा जोरात मांडता येतो. उलट, सगळे हप्ते वेळेवर चालू असताना त्याने वेगळे 2 लाख मोजून पर्याय घेतला आणि तुम्ही नकार दिला असता तरी कर्ज जसंच्या तसं राहिलं असतं, तर तो पर्याय बहुधा टिकेल. मी कागद वाचताना हेच तपासतो : नकार दिला असता तर जुन्या कर्जाचं काय झालं असतं?

आता आपल्याकडे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 60 नुसार गहाण सोडवण्याचा हक्क पक्षकारांच्या कृतीने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्यानेच संपतो. गहाणखतातलंच कलम ही त्यातली 'कृती' धरत नाहीत. नंतर स्वतंत्रपणे केलेली विक्री धरतात. मुरारीलाल विरुद्ध देवकरण (1965) मध्ये अलवरच्या दुकानाबद्दल लिहून घेतलं होतं, की 15 वर्षांत पैसे न दिल्यास सावकार मालक. सर्वोच्च न्यायालयाने हे कलम मानलं नाही. तो कायदा तिथे त्या व्यवहाराला लागू नव्हता, तरी न्यायबुद्धीच्या तत्त्वावर सोडवण्याचा हक्क दिला.

एक फरक उत्तरपत्रिकेत जरूर लिहा. इंग्लंडमध्ये पर्याय वापरला की इक्विटीत, म्हणजे न्यायबुद्धीवर आधारलेल्या कायद्यात, मालमत्तेवर हक्क तयार होतो. आपल्याकडे कलम 54 प्रमाणे नुसत्या विक्रीच्या कराराने मालमत्तेत हक्क येत नाही. नारनदास करसनदास (1977) या मुंबईच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की नोंदणीकृत खरेदीखत होईपर्यंत सोडवण्याचा हक्क जिवंत असतो. त्यामुळे सावकाराने पर्याय वापरल्याची नोटीस आली म्हणून दुकान गेलं असं धरू नका.

खेड्यात मात्र अनेकदा पर्याय लिहीतच नाहीत. थेट खरेदीखत करतात आणि 'पैसे दिले की परत करतो' हे वेगळ्या कागदावर किंवा तोंडी. कलम 58(क) च्या 1929 मध्ये आलेल्या परंतुकानुसार परतीची अट त्याच दस्तात नसेल, तर तो व्यवहार गहाण धरला जात नाही. गहाणच नाही, तर क्लॉग कुठला? तिथे हा सगळा सिद्धांत उंबऱ्याबाहेरच राहतो.