बुधादित्य योग आहे, पण बुध अस्तंगत आहे, मग खरं काय?

"मॅडम, ॲपवर मुलाच्या पत्रिकेत बुधादित्य योग दाखवतात, आणि आमचे गुरुजी म्हणतात बुध अस्त आहे, बुद्धी चालणार नाही, पाचू घाला. कोणाचं ऐकू?"

फोंड्याहून आई, बाबा आणि मुलगा तिघंही आले होते, मुलगा इंजिनिअरिंगला. देवळात कौलसुद्धा लावून झाला होता म्हणे, त्याबद्दल मी काही बोलत नाही.

पहिली गोष्ट, बुधादित्य योग म्हणजे रवी आणि बुध एका राशीत, आणि बुध रवीपासून 28 अंशांच्या पलीकडे कधी जातच नाही, त्यामुळे दोघं एका राशीत असणं अगदी कॉमन आहे, ॲपने राशी बघितली आणि योग छापला, बस. बघायचं असतं अंतर. मार्गी बुध रवीपासून 14 अंशांच्या आत आणि वक्री असेल तर 12 अंशांच्या आत आला की तो अस्तंगत, म्हणजे रवीच्या तेजात झाकलेला धरतात.

याची पत्रिका मिथुन लग्नाची. दशमात मीन राशीत रवी 13 अंशांवर आणि बुध 15 वर, म्हणजे अंतर फक्त 2 अंश, बुध वक्री, आणि मीनेत 15 अंश म्हणजे बुधाचं परम नीचस्थान, त्याची सगळ्यात कमजोर जागा. वरून दशमात रवीला दिग्बल, म्हणजे दिशेचं बळ मिळतं, म्हणजे एकाच घरात रवी फुल जोरात आणि लग्नेश बुध एकदम दबलेला. हाच योग सिंहेत किंवा कन्येत, 15-16 अंशांच्या अंतराने असता तर मी खुशाल तल्लख बुद्धी म्हटलं असतं.

पण गुरुजी इथेच थांबले, ते मला पटलं नाही. मीनेचा स्वामी गुरु चतुर्थात कन्येत, लग्नापासून केंद्रात, आणि तिथून थेट बुधावर सप्तम दृष्टी. नीचभंग होतो, म्हणजे नीचपणाचा दोष सुटतो. अस्त काही जात नाही, पण "बुद्धी चालणार नाही" हे कुठून आलं?

मी मुलाला विचारलं, कुठला विषय आवडतो? बाबांनी उत्तर दिलं. लेखी पेपर कसे जातात? परत बाबाच. मुलगा तोंड उघडायचा आणि वाक्य बाबा पुरं करायचे, आणि रवी म्हणजे पिता, हे वेगळं सांगायला नको. मार्कशीट बघितली तर लेखीत चांगले मार्क, व्हायवात सगळीकडे घसरलेले. अस्त बुध मला बहुतेक असाच दिसतो, डोक्यात सगळं असतं पण मोठ्या माणसासमोर बाहेर येत नाही.

मग बाबांना बाहेर चहा घ्यायला पाठवलं. सुरुवातीला पोरगा गप्पच, मग कोंकणीत सुरू झाला आणि सर्किटचं सगळं नीट समजावून दिलं, कागदावर काढूनसुद्धा.

पाचू मी घालू दिला नाही, एवढा खर्च करून काय करायचंय. व्हायवाच्या आधी आठवडाभर रोज आईला एक टॉपिक मोठ्याने समजावून सांगायचा, आणि त्या वेळी बाबांनी त्या खोलीत यायचं नाही, एवढंच लिहून दिलं. बाबांना ते फारसं आवडलं नाही, पण कागद त्यांनीच घडी करून खिशात ठेवला.