पुराचे फोटो कशाचा पुरावा?

प्रश्न: निबंधात तथ्याचा, मूल्याचा आणि धोरणाचा दावा वेगळा कसा ओळखायचा? प्रत्येकाला पुरावा कोणता लागतो?

नागपूरचंच उदाहरण घेऊ. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि खालच्या वस्त्यांत पाणी शिरलं. त्यावर निबंध लिहिताना तिन्ही दावे समोर येतात.

‘सांडव्याजवळच्या बांधकामामुळे पूर वाढला’ हा तथ्याचा दावा. तो खरा किंवा खोटा ठरू शकतो. त्यासाठी तासागणिक पाऊस, तलावाची पातळी आणि सांडव्याची वहनक्षमता पाहावी लागते. बांधकाम नसतं तर पाणी किती चढलं असतं, हा हिशेबही हवा. बुडालेल्या घरांचे फोटो पूर आल्याचं दाखवतात, कारण दाखवत नाहीत.

‘सुशोभीकरणापेक्षा वस्तीची सुरक्षा मोठी’ हा मूल्याचा. आकडे इथे पुरत नाहीत. आधी निकष सांगा, उदाहरणार्थ जीव गेला तर भरपाई होत नाही. मग तो निकष इथे लागू का पडतो हे पटवा, आणि तलावाकाठच्या मोकळ्या जागेचा लोकांना होणारा उपयोगही प्रामाणिकपणे मांडा.

‘ते बांधकाम हटवावं’ हा धोरणाचा, आणि बहुतेक निबंध इथेच कोसळतात. वरचे दोन्ही दावे सिद्ध झाले तरी हा आपोआप सिद्ध होत नाही. हटवल्याने पातळी किती उतरेल, खर्च किती, अधिकार कोणाचा, आणि सांडवा रुंद करणं किंवा नाग नदीचं पात्र मोकळं करणं जास्त परिणामकारक आहे का, हे दाखवावं लागतं.

‘पाहिजे’ लिहिलं की त्याखालचा पुरावा तपासा. तिथे फक्त नुकसानीचं वर्णन असेल, तर उपायाचा पुरावा अजून दिलेलाच नाही.