एकाच फंडातून पैसे काढले, मग काही नफा शॉर्ट टर्म कसा?

प्रश्न: एका इक्विटी फंडात मी तीनदा पैसे टाकले. 10 जून 2023 ला 1 लाख (एनएव्ही 40), 12 मार्च 2024 ला 60 हजार (एनएव्ही 50), 5 सप्टेंबर 2024 ला 1 लाख 16 हजार (एनएव्ही 58). घरदुरुस्तीसाठी 20 फेब्रुवारी 2025 ला 4,500 युनिट विकले, एनएव्ही 60 होता. खात्यात 2,70,000 यायला हवे होते, 2,68,800 च आले. शिवाय स्टेटमेंटमध्ये शॉर्ट टर्म नफा दाखवलाय. फंडात येऊन दीड वर्ष झालंय, मग सगळं लॉन्ग टर्म नको का?

उत्तर: फंडात तुम्ही दीड वर्षापूर्वी आलात, पण तुमची सगळी युनिटं तेव्हा आली नाहीत. घोळ एवढाच आहे. प्रत्येक खरेदीची तारीख वेगळी आणि बारा महिन्यांचं घड्याळही वेगळं. एसआयपी असेल तर दर महिन्याच्या हप्त्याचं वेगळं.

आता विकताना कुठली युनिटं गेली, हे तुम्ही ठरवायचं नसतं. जी आधी आली ती आधी जातात. आमच्या गावी धान्याची पत्र्याची कोठी होती, तिला तोंड खालच्या बाजूला. वरून नवे गहू ओता, खालून जुनेच निघायचे. फोलिओ, म्हणजे फंडातलं तुमचं खातं, ही तशीच कोठी समजा.

तुमच्या कोठीत खाली 2,500 युनिट 2023 ची, त्यावर 1,200 मार्च 2024 ची आणि सगळ्यात वर 2,000 सप्टेंबरची. तुम्ही 4,500 काढलीत. म्हणजे पहिला थर पूर्ण गेला, दुसराही पूर्ण गेला आणि तिसऱ्यातली 800 निघाली. (स्टॅम्प ड्यूटी आणि तीनेक रुपयांचा एसटीटी सोडून देतोय, त्यामुळे खरे आकडे किंचित हलतील.)

पहिल्या थरावर 1,50,000 आले, खरेदी 1,00,000 ची, नफा 50,000. बारा महिने केव्हाच उलटलेत, म्हणून हा लॉन्ग टर्म. इक्विटी फंडांच्या लॉन्ग टर्म नफ्यावर वर्षाला सव्वा लाखापर्यंत कर नाही, त्यापुढच्या भागावर 12.5 टक्के. तुमचा दुसरीकडे काही शेअर-फंडांचा नफा नसेल तर इथे शून्य.

दुसरा थर मात्र चुटपूट लावणारा आहे. 12 मार्च 2024 ची युनिटं 20 फेब्रुवारी 2025 ला विकली म्हणजे बारा महिन्यांना जेमतेम तीन आठवडे कमी पडले. बारा महिन्यांपेक्षा *जास्त* काळ हवा, म्हणून ती 13 मार्च 2025 पासून लॉन्ग टर्म झाली असती. ती गेली शॉर्ट टर्ममध्ये आणि तिसऱ्या थरातली 800 तर जाणारच होती.

आता तुमचे गायब झालेले 1,200 रुपये. तो एक्झिट लोड. बऱ्याच इक्विटी फंडांत वर्षाच्या आत काढलेल्या युनिटांवर 1 टक्का कापतात आणि तिथेही हाच जुनं-आधी हिशेब चालतो. तुमची वर्षाच्या आतली युनिटं 1,200 अधिक 800 म्हणजे 2,000, किंमत 1,20,000, त्याचा 1 टक्का म्हणजे बरोबर 1,200. या 2,000 युनिटांना तुम्हाला प्रत्यक्षात 59.40 चा भाव मिळाला, आणि नफाही त्याच भावाने मोजायचा. 60 ने मोजलात तर न मिळालेल्या पैशावर कर भराल. दुसऱ्या थरावर नफा 71,280 वजा 60,000 म्हणजे 11,280. तिसऱ्यावर 47,520 वजा 46,400 म्हणजे 1,120. एकूण शॉर्ट टर्म 12,400. विक्री 23 जुलै 2024 नंतरची असल्याने दर 20 टक्के, म्हणजे 2,480, त्यावर 4 टक्के सेस धरून साधारण 2,579 रुपये. त्याआधी हा दर 15 होता. जुने लेख वाचून हिशेब करणारे इथेच चुकतात.

फेब्रुवारीत फक्त पहिली 2,500 युनिटं विकून दीड लाख घेतले असते आणि बाकीचे 13 मार्चनंतर, तर दुसऱ्या थराचा नफाही सव्वा लाखाच्या आत बसला असता. एनएव्ही 60 च राहिला असता तर कर आणि लोड मिळून तीनेक हजार वाचले असते. रक्कम फार मोठी नाही आणि तीन आठवड्यांत बाजार पडला असता तर ती तशीही गेली असती, त्यामुळे फार मनाला लावून घेऊ नका. पण गवंडी थांबायला तयार असेल तर पुढच्या वेळी रक्कम न टाकता युनिट टाकून विका. 'मला 2.7 लाख हवेत' म्हटलं की सिस्टीम आपली कोठी उपसत सुटते, कुठला थर संपला ते सांगत नाही.

अॅपमध्ये दिसणारी सरासरी किंमतही करासाठी वापरू नका. तुमची सरासरी येते 48.42, त्यावरून 4,500 युनिटांचा नफा दिसतो 52 हजारांच्या आसपास. लोड धरण्याआधीचा खरा हिशेब 63,600. मी स्वतः पहिल्या वर्षी सरासरीवरच रिटर्न भरलं होतं आणि नंतर सुधारित रिटर्न भरत बसलो. फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या सीएएमएस आणि केफिनटेकच्या साइटवर कॅपिटल गेन स्टेटमेंट मिळतं. त्यात विकलेल्या प्रत्येक तुकड्यासमोर खरेदीची तारीख, युनिट आणि भाव असतो. माझ्या थरांशी ते ताडून पाहा, मग आयकर खात्याच्या एआयएस या विवरणातल्या आकड्याशी.

एक गोष्ट लोक विचारतात: नवी युनिटं आधी विकून जुनी ठेवता येतील का? एका फोलिओत नाही. पण हा हिशेब फोलिओनिहाय आणि स्कीमनिहाय चालतो. एकाच स्कीममध्ये तुमचे दोन फोलिओ असतील, तर कुठल्यातून काढायचं हे तुमच्या हातात. म्हणून मोठी एकरकमी रक्कम मी मुद्दाम वेगळ्या फोलिओत टाकतो. आणि रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये स्विच केलंत तर ती विक्रीच. जुनी युनिटं विकली गेली असं धरून कर आणि नव्या युनिटांचं घड्याळ पुन्हा शून्यापासून.

डेट फंडात हा बारा महिन्यांचा नियम लावू नका. तिथे 1 एप्रिल 2023 पासून घेतलेली युनिटं कितीही वर्षं ठेवली तरी नफा तुमच्या स्लॅबने, त्याआधीच्या युनिटांना वेगळे नियम. एकाच फोलिओत दोन्ही असतील तर जुनी आधी निघतात, एवढं ध्यानात ठेवा.

रिटर्नमध्ये 50,000 Schedule 112A मध्ये जातील, 12,400 शॉर्ट टर्मच्या रकान्यात. शॉर्ट टर्म नफा असल्यामुळे आयटीआर-1 चालणार नाही. फक्त लॉन्ग टर्म असता आणि तो सव्वा लाखाच्या आत, तर 2025-26 या आकारणी वर्षापासून आयटीआर-1 चाललं असतं. पगारदार असाल तर आयटीआर-2 घ्या.

तुमच्या कोठीत आता सप्टेंबरची 1,200 युनिटं उरलीत, भाव 58. ती 6 सप्टेंबर 2025 पासून लॉन्ग टर्म.