महिनाभर आठ वाजताचं मृग

"सहावीच्या मुलांकडून तारकानकाशा घेऊन महिनाभर निरीक्षण करून घेतलं. नोंदी जुळतच नाहीत. मृग नक्षत्र कधी वर, तर कधी परत खाली. काय चुकतंय?"

सर, घड्याळ बघा. नकाशा डोक्यावर कसा धरायचा हे तुम्हाला माहीत असणारच, म्हणून त्यात शिरत नाही. माझा अख्खा महिना वाया गेला तो "जेवण झाल्यावर बघा" या माझ्याच एका वाक्यामुळे. एका मुलीने २५ जानेवारीला सव्वानऊला नोंद केली आणि ५ फेब्रुवारीला साडेसातला. दुसऱ्या वेळी मृगाचे मधले तीन तारे मूठभर खाली दिसले. तिने विचारलं, "सर, मृग मागे फिरलं का?" तेव्हा मला उत्तर देता आलं नाही.

तारे रोज सुमारे चार मिनिटं लवकर उगवतात, कारण पृथ्वी सूर्याभोवतीही पुढे सरकलेली असते. अकरा दिवसांत मृग पाऊण तास पुढे गेलं होतं, पण आमची वेळच पावणेदोन तास मागे आली होती. पंधरा मिनिटांचा उशीर म्हणजे जवळजवळ चार दिवसांची चूक.

आता मी आठचा गजर लावायला सांगतो. चुकलं तर रकाना रिकामा, नंतर बघून भरायचा नाही. अंगणातली जागाही एकच. हात ताठ करून क्षितिजापासून मुठी मोजायच्या, एक मूठ साधारण दहा अंश. १५ जानेवारीला आठ वाजता ते तीन तारे पूर्वेला साडेचार-पावणेपाच मुठींवर असतात, १५ फेब्रुवारीला जवळजवळ सातवर.

खरी गंमत पहिल्याच रात्री करून ठेवा. आठला चित्र काढा आणि दहाला पुन्हा काढा. महिन्याने आठ वाजता मुलांना तेच दहाचं चित्र दिसतं: तीस दिवस, रोज चार मिनिटं, झाले दोन तास. रोजचं फिरणं आणि महिन्याचं सरकणं यांतला फरक माझ्या वर्गाला तिथेच कळला. चांदण्यात बारीक तारे बुडतात, पण मृग आणि व्याध टिकतात, म्हणून माझ्या मते सुरुवात यांच्यापासूनच करावी. मी खगोलशास्त्र शिकलेला नाही, भूगोल शिकवतो. जाणकारांनी चूक असेल तर सांगावं.

जाता जाता, नकाशा कोणत्या अक्षांशाचा आहे तेही तपासा. आम्हाला एका कार्यालयाने ५० अंश उत्तरेचे नकाशे पाठवले होते. त्यात ध्रुव आकाशाच्या निम्म्याहून वर. आमच्या सातारा जिल्ह्यात तो जेमतेम पावणेदोन मुठींवर. दक्षिणेला अगस्त्य लखलखत होता आणि नकाशात त्याचा पत्ताच नाही. बदलून मागितले, तर "तारे सगळीकडे सारखेच" असं उत्तर मिळालं. शेवटी त्या नकाशांच्या कोऱ्या पाठीवर मुलांनी अगस्त्यासकट स्वतःचं दक्षिण आकाश काढलं.