मिनी बायपासनंतर गर्भनिरोधक गोळी चालेल का?

"तीन महिन्यांपूर्वी माझी वजन कमी करायची मिनी बायपास झाली. वजन ११६ वरून ९५ किलोवर आलंय, उंची ५ फूट १ इंच, वय २९. आधी पीसीओडीसाठी हार्मोनच्या गोळ्या घ्यायचे, त्याच आता मूल नको म्हणून सुरू केल्या तर चालतील का?"

नका सुरू करू. तुमची स्लीव्ह झाली असती तर शोषणाची काळजी नव्हती. स्लीव्हमध्ये जठर कापून नळीसारखं करतात, आतड्याला हात लावत नाहीत. मिनी बायपासमध्ये मात्र लहान आतड्याचा सुरुवातीचा साधारण दीड-दोन मीटर भाग वगळून अन्न थेट पुढे उतरतं आणि गोळीही त्याच वाटेने जाते. मग तिच्यातलं किती औषध रक्तात पोचेल याचा भरवसा राहत नाही. यावरचे अभ्यास मोजक्याच बायकांवर झालेत, म्हणून गोळी हमखास फेल जाते असं मी म्हणणार नाही. पण अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या मार्गदर्शनातही बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्या शक्यतो टाळायला सांगितलंय, मग त्या एका हार्मोनच्या असोत की दोन.

तुमच्या बाबतीत दुसरंही कारण आहे. तुमचा बीएमआय अजून ३९ च्या पुढे आहे. तुमच्या जुन्या गोळ्यांत बहुधा इस्ट्रोजेन असणार, आणि एवढ्या वजनात त्याने पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. त्यामुळे स्लीव्ह झाली असती तरी मी या गोळ्या दिल्या नसत्या.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, म्हणून एक पेशंट सांगते. वय ३१, हेच ऑपरेशन. पाळी तीन-चार महिन्यांनी यायची, लग्नाला सहा वर्षं झाली तरी दिवस गेले नव्हते. "मला कुठे राहतंय, डॉक्टर," असं म्हणून तिने काहीच वापरलं नाही. पण वजन उतरलं की शरीरातलं इन्शुलिन उतरतं आणि बंद पडलेलं बीज बनणं पुन्हा सुरू होतं, कित्येकदा पहिली पाळी दिसण्याच्याही आधी. ऑपरेशननंतर पाचव्या महिन्यात तिला उलट्या सुरू झाल्या. घरच्यांना वाटलं ऑपरेशनमुळे असेल, तिलाही तसंच वाटलं. सोनोग्राफीत ११ आठवड्यांचं बाळ निघालं आणि हिमोग्लोबिन ८.६. लोहाची सलाइन लावावी लागली. बाळ सुखरूप झालं, पण २.३ किलोचं. वजन झपाट्याने उतरत असतं तेव्हा आईच्याच पोटात पुरेसं जात नसतं, म्हणून ऑपरेशननंतर निदान वर्ष-दीड वर्ष थांबायला सांगतात.

तेव्हा गर्भाशयात बसवायचं साधन घ्या. त्याचा पोटाशी काही संबंध नाही, वजनाशीही नाही. कॉपर टी सरकारी दवाखान्यात मोफत बसवतात, पण तिने पाळीचं रक्त वाढतं. लोह मुख्यतः आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं आणि तुमचा तोच भाग बाजूला पडलाय. वरून जास्त रक्त जायला लागलं तर गोळ्या खाऊनही हिमोग्लोबिन वर येत नाही. म्हणून ऐपत असेल तर हार्मोनवालं साधन बसवा. त्यातलं हार्मोन मुख्यतः गर्भाशयातच काम करतं आणि पाळी कमी होते. पीसीओडीत पाळी लांबून आतलं अस्तर जाड होतं, तेही पातळ राहतं. पहिले काही महिने डाग लागतील, त्याला घाबरून काढून टाकू नका.

"माझं अंग जाड, नीट बसेल का" असं विचारायला बायका लाजतात. बसतं. आत पाहायचं उपकरण लांब पात्याचं घ्यावं लागतं, आणि बाजूच्या भिंती आत येत असतील तर मी त्या उपकरणावर टोक कापलेला कंडोम चढवते, मग गर्भाशयाचं तोंड स्वच्छ दिसतं. दहा मिनिटांचं काम.

तीन महिन्यांचं इंजेक्शन तुम्हाला मी देणार नाही. त्याने काहींचं वजन वाढतं, हाडंही थोडी विरळ होतात, आणि बायपासनंतर कॅल्शियमची आधीच ओढाताण असते.

साधन बसेपर्यंत कंडोम वापरा. तो फाटला तर मेडिकलमधून तातडीची गोळी आणून निश्चिंत होऊ नका. ७० किलोच्या पुढे तिचा परिणाम घटलेला दिसतो आणि तुमच्याकडे वर बायपास आहे. पाच दिवसांच्या आत कॉपर टी बसवली तर तीच तातडीचा उपाय म्हणून सर्वांत खात्रीची.

तपासायला जाताना लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट करून जा, पाळी आली नसेल तर नक्कीच. डिस्चार्ज कार्डही सोबत न्या. नुसतं "वजनाचं ऑपरेशन झालंय" सांगितलं तर समोरचा स्लीव्ह समजून गोळी लिहून देऊ शकतो.