०.५ चा नियम आणि लहान मुलं

अरे, पोटावरच्या चरबीचा धोका बघायला तू शाळेतल्या सगळ्या पोरांना कंबर-उंचीच्या रेशोवरून ०.५ च्या वर-खाली असं सरळ वाटून टाकलंयस, तिथे थोडा थांब. कंबर भागिले उंची, दोन्ही सेंमीमध्ये, इथपर्यंत बरोबर, आणि नाइस ही ब्रिटनची आरोग्याची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणारी संस्थाही २०२२ पासून ५ वर्षांपुढे ०.५ चीच रेघ वापरते. पण पहिलीतला मुलगा घे, उंची ११२, कंबर ५४, म्हणजे ०.४८. नववीतली मुलगी, उंची १५४, कंबर ७४, तिचंही ०.४८. आकडा तोच, अर्थ वेगळा, कारण लहानपणी पाय आखूड आणि धड मोठं, त्यामुळे रेशो मुळातच जास्त असतो आणि उंची वाढली की उतरतो. म्हणून मुलीकडे आधी बघ, ती "नॉर्मल"मध्ये असली तरी.

दुसरं, टेप. शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, शर्ट वर करून. बेंबीवरून घेतलंस आणि त्या मुलाचे ५४ चे ५६ झाले की तो बरोब्बर ०.५० वर, म्हणजे २ सेंमीत पोरगं "रिस्क"मध्ये! काठावरची पोरं परत मोज, आणि बीएमआय वयाच्या चार्टवर लावून दोन्ही शेजारी ठेव.