गॅझेट आधी, आधार नंतर

ट्रान्स मैत्रिणीने सई हे नवं नाव घेतलंय, तर जुने प्रसंग सांगतानाही 'तेव्हा सई शाळेत होती' असंच म्हणा. चुकलात तर लगेच दुरुस्त करून पुढे चला. लांबलचक माफीने तिलाच अवघडतं. कोल्हापुरात सगळ्यांनाच 'भावा' म्हणायची सवय, तेही तिला चालतं का ते विचारा.

आता कागद. पूर्ण नाव बदलायचं तर आधी महाराष्ट्र शासन राजपत्रात, म्हणजे गॅझेटमध्ये, नाव छापून घ्या. अर्ज ऑनलाइन होतो. काम अडतं ते बहुतेक इंग्रजी स्पेलिंगवर. गॅझेटला Saee आणि आधारला Sai पडलं, तर पुढे पॅन आधारशी जुळत नाही. म्हणून भरण्याआधीच मराठी आणि इंग्रजी नाव, वडिलांच्या नावासकट, एका कागदावर पक्कं करा.

मग गॅझेटची प्रत आणि जुन्या नावाचं ओळखपत्र घेऊन आधार केंद्रात जा. आधारवर नाव साधारणपणे दोनदाच बदलता येतं, तेव्हा पावती सही करण्यापूर्वी अक्षर न् अक्षर वाचा. त्यानंतर पॅन, शेवटी बँक. जुनं नाव अर्जात लिहावंच लागतं; काउंटरवर मात्र ते मोठ्याने उच्चारू नका, कागदावर बोट ठेवा.